इतादाकिमासु आणि गोचिसोसामा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे दोन शब्द कधी म्हणतात?

जपानमध्ये जेवायला सुरुवात करण्याआधी "इतादाकिमासु" आणि जेवण संपल्यावर "गोचिसोसामा देशिता". घरात, शाळेत, ऑफिसच्या कँटीनमध्ये, रामेन नूडल्सच्या दुकानात, सगळीकडे हेच. बरेच लोक एकटे जेवतानाही हे शब्द पुटपुटतात.

इतादाकिमासु हे "इतादाकु" या क्रियापदाचं रूप आहे. स्वतःला कमीपणा घेऊन घेणं किंवा स्वीकारणं, असा त्याचा अर्थ. वडीलधाऱ्या किंवा मोठ्या माणसाने दिलेली वस्तू पूर्वी डोक्यापर्यंत उंचावून घेत. "इतादाकी" म्हणजे डोंगराचा माथा, आणि डोक्यावर घेण्याची ती क्रिया याच शब्दातून आलेली आहे. जेवणापुरतं बोलायचं तर "मी हे नम्रपणे स्वीकारतो" एवढंच ते वाक्य आहे. कोणाकडून स्वीकारतो, ते मात्र त्यात नाही. सगळी गंमत तिथेच आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर.

गोचिसोसामामध्ये "चिसो" म्हणजे धावपळ. आधी "गो" आणि शेवटी "सामा" हे आदरार्थी तुकडे. "देशिता" हा भूतकाळ: झालं, पार पडलं.

उच्चार नेमका कसा करायचा?

मराठी माणसाला हे सोपं आहे, कारण त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. ट आणि ड आणले की ऐकणाऱ्याला लगेच खटकतं. इतादाकिमासुच्या शेवटचा उकार जवळजवळ गिळला जातो, म्हणून कानावर "इतादाकिमास" असंच पडतं. गोचिसोसामामधला च चिमणीतला, आणि "सो" थोडा लांबवायचा: गोचिसोऽसामा. "देशिता" म्हणताना "शि"तला इकारही असाच पुसट होतो, "देश्ता"च्या जवळ जातो.

हात जोडावे लागतात का?

जोडले तर छान, नाही जोडले तरी कोणी काही म्हणत नाही. छातीसमोर तळहात जुळवून मान किंचित लववतात. शाळेत सगळे जोडतात. मोठेपणी काहींची सवय टिकते, काहींची नुसत्या मान लववण्यावर येते. चॉपस्टिक्स मात्र त्या वेळी खाली असाव्यात, टोकं डावीकडे, आपल्यासमोर आडव्या. अंगठ्यांमध्ये चॉपस्टिक्स धरून हात जोडलेली मुलं कार्टूनमध्ये खूप दिसतात, पण रीतभात शिकवणाऱ्यांना ते आवडत नाही. आधी शब्द, मग चॉपस्टिक्स उचलायच्या.

इतादाकिमासु म्हणताना आभार कोणाचे मानतात?

जपानी माणसांना हा प्रश्न विचारला की वेगवेगळी उत्तरं येतात. त्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ उडतो. कोणी म्हणतं, स्वयंपाक करणाऱ्याचे. कोणी म्हणतं, शेतकऱ्याचे आणि मासेमाराचे. आणि हल्ली सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे "इनोची ओ इतादाकु", अर्थात जीव स्वीकारतो. ताटातला मासा, कोंबडी, तांदूळ, मुळा हे सगळे कधीतरी जिवंत होते. त्यांचा जीव घेऊन आपण आपला चालवतो, म्हणून आभार त्यांचे. शाळेतल्या आहारशिक्षणात हाच अर्थ शिकवतात, त्यामुळे तरुण पिढीच्या तोंडी तो पक्का बसलेला आहे.

माझं मत असं की यातलं कुठलंही एक उत्तर निवडायची गरज नाही, कारण वाक्यात कर्ताही नाही, कर्मही नाही आणि देणाराही नाही. समोर स्वयंपाक करणारी आई बसली असेल तर वाक्य तिच्याकडे जातं. दुकानातून आणलेला डबा एकट्याने उघडला तरी वाक्य वाया जात नाही, ते तांदूळ पिकवणाऱ्यापर्यंत किंवा त्या माशापर्यंत पोहोचतं. शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या माणसासाठी ते देवाकडे जातं: अठराव्या शतकातले विद्वान मोतोओरी नोरिनागा यांचं एक पद्य आजही शिंतो परंपरेत जेवणाआधी म्हटलं जातं. सगळं धान्य, झाडं आणि पालेभाजी सूर्यदेवता आमातेरासूच्या कृपेनेच मिळते, असा त्याचा आशय आहे.

म्हणजे ही धार्मिक प्रार्थना आहे का? दुसऱ्या धर्माच्या माणसाने म्हटली तर चालेल?

चालेल. रोजच्या वापरात ती प्रार्थना उरलेली नाही. ख्रिश्चन जपानी आधी आपली प्रार्थना करतात आणि वर इतादाकिमासुही म्हणतात.

मात्र तिच्यामागे धर्माचा हात नाही, असंही नाही. झेन बौद्ध मठात जेवणाआधी पाच चिंतनांचा एक पाठ म्हणतात, "गोकान नो गे". एइहेइजी मठाचे संस्थापक दोगेन यांनी 1246 मध्ये जेवण कसं घ्यावं यावर एक नियमावली लिहिली, तिच्यात हा पाठ आहे. पहिलं चिंतन असं: हे अन्न माझ्यापर्यंत यायला किती कष्ट पडले आणि ते कुठून आलं, याचा विचार करतो. दुसरं जरा टोचणारं आहे: हे खायची माझी लायकी आहे का, ते तपासतो. पुढच्या तिघांत लोभ आवरणं, अन्नाकडे औषध म्हणून पाहणं आणि साधनेसाठी ते स्वीकारणं येतं. साधू हे म्हणत असताना वाफाळता भात समोर थंड होत असतो, आणि तो पाठ घाईने उरकायचा नसतो.

जोदो शिन्शू या मोठ्या बौद्ध पंथाचा पाठ घरगुती वळणाचा आहे. अनेक जिवांमुळे आणि सगळ्यांच्या कृपेने हे जेवण लाभलं, असा त्याचा आशय, आणि शेवटी सगळे मिळून इतादाकिमासु म्हणतात. रोजच्या जेवणातलं इतादाकिमासु अशा लांब पाठांच्या शेपटासारखं वाटतं, पण ते एका पंथाचं नाही. सगळ्या देशात सगळ्यांनी रोज म्हणायचा शब्द म्हणून ते रुजलं ते बहुतांशी विसाव्या शतकात, शाळांमुळे आणि घरातल्या शिस्तीमुळे.

गोचिसोसामामधली ती धावपळ कोणाची?

यजमानाची. "चिसो" लिहिताना वापरतात त्या दोन्ही अक्षरांचा अर्थ धावणं किंवा घोडा दौडवणं. फ्रिज नव्हता, बाजार जवळ नव्हता, तेव्हा पाहुणा येणार म्हटलं की कोणीतरी मासा आणायला, कोणी भाजीला, कोणी सरपणाला धावायचं. आधी शब्दाचा अर्थ होता नुसती धावपळ, मग पाहुण्यासाठी केलेली धावपळ, आणि शेवटी त्या धावपळीतून ताटात आलेलं जेवण. आज "गोचिसो" म्हणजे मेजवानी. आदराचं टोपण चढवून ते परत धावणाऱ्याला उद्देशून म्हटलं जातं.

यामागे एक लोककथा सांगतात, आणि ती आपल्या परिचयाची आहे. बुद्धासाठी अन्न गोळा करायला इदातेन नावाचा देव वाऱ्याच्या वेगाने धावला, म्हणून चिसो. हा इदातेन म्हणजे आपला स्कंद, कार्तिकेय. संस्कृत नाव चीनमधून जपानला पोहोचेपर्यंत त्याचं रूप असं झालं. झेन मठांत स्वयंपाकघराच्या इमारतीत त्याची मूर्ती असते. शब्दाचा उगम याच कथेत आहे, असं मी म्हणणार नाही, पण ती जपानमध्ये आवर्जून सांगितली जाते हे खरं.

यावरून दोन शब्दांमधला फरक लक्षात येतो. इतादाकिमासुचं तोंड अन्नाकडे आहे आणि देणारा मोघम आहे. गोचिसोसामाचं तोंड माणसाकडे आहे: कोणीतरी माझ्यासाठी पळापळ केली.

पैसे देऊन जेवतो, मग आभार कशाला?

हा प्रश्न जपानमध्येही विचारला गेला, आणि त्यावरून मोठी चर्चा झाली. 2005 च्या सुमारास एई रोकुसुके यांच्या रेडिओ कार्यक्रमाकडे एक पत्र आलं. एका आईने शाळेला सांगितलं होतं की आम्ही मुलाच्या जेवणाचे पैसे भरतो, तेव्हा त्याला इतादाकिमासु म्हणायला लावू नका. पत्र वाचल्यावर श्रोत्यांच्या प्रतिक्रियांची रीघ लागली. बहुतेकांचा सूर असा की आभार शाळेचे नसतात, जिवाचे असतात, आणि जिवाची किंमत शुल्कात धरलेली नसते. काहींनी मात्र त्या आईची बाजू घेतली.

या वादाचं उत्तर मला रामेनच्या दुकानात सापडतं. तिथे दाराशी यंत्र असतं. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, कुपन घ्यायचं आणि ते काउंटरवर ठेवायचं. व्यवहार जेवणाआधीच चुकता झालेला असतो. तरी खाऊन झाल्यावर पुष्कळ जण रिकामा वाडगा उचलून काउंटरवरच्या फळीवर ठेवतात, समोरचं टेबल फडक्याने पुसतात आणि "गोचिसोसामा" म्हणून निघतात. आतून "आरिगातो गोझाइमाशिता" येतं. किमतीबद्दल बोलायचं असतं तर हे बोलणं यंत्राशी झालं असतं. शब्द जातो तो उकळत्या पातेल्यापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे.

हॉटेलात मोठ्याने म्हणणं बंधनकारक नाही. निघताना वेटरकडे किंवा गल्ल्यावरच्या माणसाकडे पाहून म्हटलेलं एक गोचिसोसामा पुरतं.

शाळेत हे कसं चालतं? माझी मुलगी जपानी शाळेत जाणार आहे.

शाळेच्या जेवणाला "क्युशोकु" म्हणतात. त्याची सुरुवात 1889 मध्ये यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका इथे एका मंदिरात चालणाऱ्या शाळेत झाली असं मानतात. गरीब घरच्या मुलांना तिथे भाताचे गोळे, खारवलेला सामन मासा आणि लोणचं मिळायचं. 1954 मध्ये शाळेच्या जेवणाचा कायदा आला. 2005 मध्ये आहारशिक्षणाचा वेगळा कायदा झाला, आणि 2008 मध्ये 1954 च्या कायद्यात दुरुस्ती करून जेवण हा शिक्षणाचा भाग आहे हे स्पष्ट केलं. म्हणून जेवणाची वेळ सुट्टी नसते. शिक्षकही वर्गात मुलांबरोबर तेच जेवण जेवतात.

दिवस असा जातो. सकाळचे तास संपले की पाळी असलेली मुलं, म्हणजे "क्युशोकु तोबान", पांढरे एप्रन, टोप्या आणि मास्क घालून मोठी भांडी वर्गात आणतात. भात, सार, मुख्य पदार्थ आणि 200 मिलिलिटर दूध ट्रेवर वाढलं जातं. कमी जेवणारी मुलं आधीच थोडं परत देतात. सगळ्यांसमोर ताट आलं की ठरलेलं मूल उभं राहून म्हणतं, "ते ओ आवासेते कुदासाइ", हात जोडा. सगळे हात जोडतात, मग एका आवाजात इतादाकिमासु. तोपर्यंत कोणी घास तोंडात घालत नाही. वीसेक मिनिटांनी अशीच एकसुरात गोचिसोसामा देशिता होते आणि भांडी परत जातात.

मुलीने दोन्ही शब्द आणि हात जोडणं घरी करून पाहिलं तर पहिल्या दिवशी ती इतरांच्या तालात सहज मिसळेल. शाकाहाराचा मुद्दा असेल तर तो शाळेशी आधी बोलून ठेवा. कोणाला काय चालत नाही हे जेवणाच्या टेबलावर सांगायला उशीर झालेला असतो.

वरिष्ठांनी जेवायला नेलं तर किती वेळा आभार मानायचे?

आपल्याकडचे लोक इथेच सर्वाधिक चुकतात. एकदा म्हणून ते मोकळे होतात. एक नेहमीचा प्रसंग घेऊ.

विभागप्रमुखांनी शुक्रवारी संध्याकाळी तुम्हाला आणि एका सहकाऱ्याला इझाकायात, म्हणजे जपानी खानावळवजा बारमध्ये, नेलं. पेयं आली, आधी "कानपाइ", म्हणजे चीअर्स, झालं. जेवण आल्यावर तुम्ही इतादाकिमासु म्हणता, पण ते प्रमुखांनी पहिला घास घेतल्यावर किंवा त्यांनी "चला, घ्या" म्हटल्यावर. बिल आलं. ते म्हणाले, "आज माझ्याकडून." इथे पहिलं गोचिसोसामा, आणि ते वर्तमानकाळात: "गोचिसोसामा देसु." पैसे अजून दिले जात आहेत, म्हणून "देसु". (बिलाकडे हात नेणं आणि दोनदा विचारणं हा शिष्टाचार आहे. तिसऱ्यांदा विचारलं की ते हुज्जत ठरते.)

तुम्ही दुकानाबाहेर येऊन थांबता. प्रमुख पैसे देऊन बाहेर येतात, तेव्हा दुसरं: "गोचिसोसामा देशिता", यावेळी भूतकाळात आणि जरा वाकून. यात सहकाऱ्यानेही सामील व्हायचं.

सोमवारी सकाळी ऑफिसात भेटलात तर तिसरं. शनिवार-रविवार मध्ये गेल्याने "किनो", म्हणजे काल, म्हणता येणार नाही. "किन्योबी वा गोचिसोसामा देशिता", म्हणजे शुक्रवारबद्दल आभार. चॅटवर त्याच रात्री लिहिलं असेल तरी भेटल्यावर परत म्हणतात. जवळच्या मैत्रीत हे चालत नाही असं नाही, पण वरिष्ठांच्या बाबतीत हे तिसरं न म्हटलेलं लोकांच्या ध्यानात राहतं. तोंडावर कोणी बोलून दाखवणार नाही. पुढच्या वेळी बोलावण्यात थोडा उशीर होईल, इतकंच.

या तिन्ही गोचिसोसामात स्वयंपाक करणाऱ्याचा संबंध नाही. धावपळ इथे पैसे देणाऱ्याची आहे, आणि त्यानेच वेळ काढून बोलावलं आहे. कोणी रस्त्यात कॉफीचा डबा हातात ठेवला तरी लगेच "गोचिसोसामा देसु" म्हणतात.

समोरचा काय उत्तर देतो?

इतादाकिमासुला "हाइ, दोझो" किंवा "मेशिआगात्ते कुदासाइ", म्हणजे हो, घ्या ना. गोचिसोसामाला घरची गृहिणी पूर्वी "ओसोमात्सुसामा देशिता" म्हणायची: फारच साधं होतं हो. आता हे वयस्कर मंडळींच्या तोंडी जास्त ऐकू येतं. तरुण घरांत "आवडलं ना, बरं झालं" अशा काहीशा वाक्यावर भागतं. यजमानीणबाई ओसोमात्सु म्हणाल्या तर "नाही, फार छान होतं" असं म्हणायचं, नुसतं हसून मान डोलावली तर त्यांचं म्हणणं खरं मानल्यासारखं होतं.

आणखी वाढायला आले आणि पोट भरलं असेल तर "मो केक्को देसु, गोचिसोसामा देशिता" म्हणा. वाढणं थांबवायला हा सगळ्यात सभ्य मार्ग आहे.

पानात उरलं तर गोचिसोसामा म्हणावं का?

म्हणावं, पण आधी "खूप झालं, माफ करा" असं काहीतरी जोडावं. भाताची शितं वाडग्याला चिकटलेली ठेवणं मात्र घरोघरी खटकतं. मुलांना सांगतात की तांदळाच्या एका दाण्यात सात देव असतात. तांदूळ लिहिण्याचं अक्षर फोडलं तर त्यात अठ्ठ्याऐंशी ही संख्या दिसते, म्हणून शेतकऱ्याला अठ्ठ्याऐंशी कामं पडतात असंही सांगतात. आभाराची खरी परीक्षा त्या वाडग्यात होते, शब्दांत नाही, असं जपानी आज्या म्हणतील.

शाकाहारी माणसाने इतादाकिमासु म्हणणं विसंगत नाही का?

नाही. मठातलं "शोजिन र्योरी" हे जेवण मांस-मासे सोडून असतं, तरी साधू तोच शब्द म्हणतात. मुळा आणि तांदूळसुद्धा जीवच. मुद्दा ताटात काय आहे यापेक्षा ते तुमच्या हातात आपोआप आलेलं नाही, हा आहे.

व्यवहारातली अडचण वेगळीच आहे. सार, भाज्या, सॉस यांत बऱ्याचदा "दाशी" हा चवीचा अर्क असतो आणि तो "कात्सुओबुशी", म्हणजे सुकवून धुरवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांपासून करतात. समुद्री शेवाळ किंवा शिताके मशरूमचाही दाशी असतो, म्हणून विचारायलाच हवं. शब्द म्हणून झाल्यावर ताट बाजूला सारणं दोघांनाही अवघड जातं. आधी विचारा, मग हात जोडा.

हे आपल्या "वदनी कवळ घेता" सारखंच आहे का?

जवळचं आहे, पण हुबेहूब नाही. वदनी कवळमध्ये ज्याचं नाव घ्यायचं तो श्रीहरी ठरलेला आहे. इतादाकिमासुत कोणाचं नाव नाही. गोचिसोसामाच्या जवळ जाणारं आपल्याकडे "अन्नदाता सुखी भव" आहे, तिथेही जेवण देणाऱ्याला उद्देशून बोलतात. फरक असा की आपण आशीर्वाद देतो, ते धावपळीची नोंद घेतात. शिवाय आपल्याकडे पंगतीत आणि सणावारी म्हणतो ते, जपानमध्ये नूडल्सच्या वाडग्यासमोर रोज म्हटलं जातं.

जेवणाशिवाय हे शब्द कुठे वापरतात?

इतादाकिमासु कोणी गोळी-बिस्किट पुढे केलं तरी म्हणतात, कारण ते घेण्याचंच क्रियापद आहे. सुमो पैलवान "गोत्सान देसु" म्हणतात, ते गोचिसोसामाचंच घासलेलं रूप, आणि त्यांच्यात ते धन्यवादासारखं सरसकट चालतं. कानसाई भागात "गोचिसोसान" ऐकू येतं.

एक वापर कुठल्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या धड्यात येत नाही. एखादी मैत्रीण आपल्या नव्या प्रियकराचं कौतुक सुरू करून थांबायचं नाव घेत नसेल, तर ऐकणारी हात जोडून म्हणते, "हाइ हाइ, गोचिसोसामा." पोट भरलं बाई, पुरे आता.